एका सर्व्हरवर तीस डेस्कटॉप

केदारखेड्याच्या लॅबसाठी जुना सर्व्हर आलाय. दोन सॉकेट, प्रत्येकी दहा कोअर. हायपरथ्रेडिंगमुळे लिनक्सला ४० दिसतात. रॅम ९६ जीबी, म्हणजे १६ जीबीच्या सहा पट्ट्या. मुलांच्या टेबलावर नुसते थिन क्लायंट, त्यांचे डेस्कटॉप या एकाच पेटीतून चालणार. वर प्रॉक्समॉक्स, म्हणजे खाली केव्हीएमच.

मागणी अशी: लिनक्सचे ३० डेस्कटॉप, प्रत्येकाला २ व्हीसीपीयू आणि ४ जीबी. मुलांच्या फायली आणि अभ्यासक्रम ठेवणारी एक व्हीएम, ४ व्हीसीपीयू आणि ८ जीबी. गेटवेची एक, २ आणि २. बेरीज ६६ व्हीसीपीयू आणि १३० जीबी. पेटीत आहेत २० कोअर आणि ९६ जीबी. दोन्हीकडे मागणी जास्त, पण या दोन तुटी एका जातीच्या नाहीत. लॅबची आखणी या फरकावरच करायची आहे.

*

सीपीयूची तूट आधी, कारण ती सोपी.

वर्ग सुरू झाला आणि तीसही मुलांनी एकाच वेळी ब्राउझर उघडला, असं धरू. मोकळ्या मशीनवर ब्राउझर उघडायला दोन्ही व्हीसीपीयूंना सहा सेकंद पूर्ण ताकदीनं राबावं लागतं. साठ व्हीसीपीयू गुणिले सहा, म्हणजे ३६० कोअर-सेकंदांचं काम. पेटीत कोअर २०. हायपरथ्रेडिंगचा दुसरा धागा म्हणजे दुसरा कोअर नव्हे. त्यामुळे एकूण काम पाव हिश्श्यानं वाढतं, असं धरणं मला सुरक्षित वाटतं. म्हणजे पेटीची खरी ताकद सुमारे २५ कोअरची. ३६० भागिले २५, साडेचौदा सेकंद.

सहाच्या जागी साडेचौदा. मुलं चुळबुळ करतील, पण काही मोडणार नाही. गर्दी ओसरली की पुढचा तास बहुतेक व्हीसीपीयू झोपलेले असतात. टाइप करणाऱ्या मुलाला कोअरचा एक छोटा तुकडा पुरतो. सव्वातीनास एक हे प्रमाण अशा लॅबला चालतं. हेच प्रमाण दिवसभर गणित करणाऱ्या मशीनना दिलं तर ती दिवसभर रांगेत उभी राहतील. म्हणून अमुकास तमुक हे प्रमाण नुसतं सांगून काही कळत नाही. शिखर किती वेळ टिकतं आणि सगळ्यांचं शिखर एकदम येतं का, हे आधी विचारायचं.

*

रांग कशी ओळखायची? गेस्टच्या आत `top` किंवा `vmstat` लावा आणि `st` हा रकाना बघा. ही चोरलेली वेळ: व्हीसीपीयूला काम होतं, पण होस्टनं त्याला प्रत्यक्ष सीपीयू दिला नाही, असा वेळेचा वाटा. व्हीएमवेअरवाले हेच होस्टच्या बाजूनं `%RDY` म्हणून वाचतात.

वरच्या उदाहरणात ६० व्हीसीपीयू ४० धाग्यांवर बसतात, म्हणजे प्रत्येकाला दोन-तृतीयांश वेळ मिळतो आणि `st` तेहतीसच्या आसपास दिसेल. पण काम तेहतीस टक्क्यांनी मंदावलेलं नाही, त्याहून बरंच जास्त मंदावलंय. मिळालेल्या वेळातही धागा अर्धवटच आहे: २५ भागिले ४०, म्हणजे पूर्ण कोअरच्या ०.६२. दोन्ही गुणले की ०.४२ उरतं, आणि सहा सेकंदांचे साडेचौदा होतात ते इथून. कोअर वाटून घेतल्यानं झालेला हा दुसरा तोटा `st` मध्ये कधीच दिसत नाही. `st` कमी आहे म्हणून सर्व्हर मोकळा आहे असं कुणी म्हणालं, तर आधी हायपरथ्रेडिंग चालू आहे का ते विचारावं.

*

मास्तरांनी विचारलं, “एवढे धागे दिसतायत तर पोरांना चार-चार व्हीसीपीयू का देत नाही, सर?”

कारण एकूण ताकद तीच राहते, फक्त रांग लांबते. शिवाय एक आतलं दुखणं आहे. गेस्टच्या कर्नलमध्ये एखाद्या व्हीसीपीयूनं कुलूप धरलंय आणि नेमक्या त्याच क्षणी होस्टनं त्याला उतरवलं, तर त्याच व्हीएमचे बाकीचे व्हीसीपीयू ते कुलूप सुटायची वाट बघत जागच्या जागी फिरत राहतात. फिरतानाही ते सीपीयू खातात. यावर केव्हीएममध्ये आणि गेस्टच्या कर्नलमध्येही उपाय आहेत, पण दुखणं सौम्य होतं, जात नाही. व्हीसीपीयू जितके जास्त तितकी याची शक्यता जास्त. डेस्कटॉपला दोन पुरे.

फायलींच्या व्हीएमला मात्र झुकतं माप द्यायचं. ती अडली की तीसही पोरं अडतात.

```
qm set 100 --cpuunits 400
```

इतरांचं वजन १०० आहे. हे वजन रांग लागली तरच लागू होतं. सीपीयू मोकळा असताना त्याचा कुणाला फायदा नाही आणि तोटाही नाही. सीपीयूच्या वाटपातली ही गोष्ट मला फार आवडते.

*

आता मेमरी.

सीपीयू कमी पडला की काम लांबतं. आपण सहाचे साडेचौदा मोजले. मेमरी कमी पडली की पान डिस्कवर जातं, आणि परत हवं तेव्हा डिस्कवरून आणावं लागतं. रॅममधून वाचायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. एसएसडीवरून साधारण १०० मायक्रोसेकंद, म्हणजे हजारपट. फिरत्या डिस्कवरून काही मिलिसेकंद, म्हणजे दहा हजारपटीहून कितीतरी जास्त. सीपीयू अडीचपट कमी पडला तर मूल अडीचपट थांबतं. मेमरी दहा टक्के कमी पडली तर मूल दहा टक्के जास्त थांबेल असं नाही, त्याचा डेस्कटॉपच गोठतो. वेळ तुकडे करून वाटता येतो. पण जे पान या क्षणी वापरात आहे ते दोघांना देता येत नाही.

*

तरीही १३० जीबी ९६ मध्ये बसवायचा विचार का करायचा? कारण मागितलेली मेमरी आणि लागणारी मेमरी यांत अंतर असतं. ब्राउझर आणि लिब्रेऑफिस उघडं असलेला असा डेस्कटॉप `free -m` मध्ये साधारण २.२ जीबी वापरतो. उरलेल्या जागेत लिनक्स वाचलेल्या फायलींच्या प्रती साठवत जातं, आणि त्याचं तसं करणं बरोबरच आहे. मोकळी रॅम पडून ठेवण्यात अर्थ नसतो.

अडचण होस्टच्या बाजूला आहे. गेस्टनं पानाला एकदा हात लावला की होस्टच्या लेखी ते पान वापरात. नंतर गेस्टनं ते आत मोकळं केलं तरी होस्टला त्याचा पत्ता नसतो. सकाळी प्रत्येक व्हीएम दीड जीबीची दिसते. मुलं फायली उघडत जातात तशी ती फुगते आणि दुपारपर्यंत चार जीबीवर येऊन बसते. तीस गुणिले चार, १२० जीबी. वर्ग तोच, काम तेच, फक्त होस्टला आतलं दिसत नाही म्हणून ही गत.

*

बलून हा त्यावरचा इलाज. कार्ल वाल्ड्सपर्गर यांनी २००२ मध्ये व्हीएमवेअरच्या ईएसएक्स सर्व्हरबद्दल जो निबंध मांडला त्यातून ही कल्पना सगळ्यांना माहीत झाली. आज केव्हीएममधला `virtio_balloon` त्याच विचारावर चालतो.

गेस्टच्या कर्नलमध्ये एक छोटा ड्रायव्हर असतो. होस्ट त्याला सांगतं, तुझ्याकडून १ जीबी हवी. ड्रायव्हर गेस्टच्या कर्नलकडेच १ जीबी मागतो, एखादा साधा प्रोग्रॅम मागेल तशी. कर्नलला ती कुठून तरी काढावी लागते, आणि आपल्या घरातलं काय टाकून देण्याजोगं आहे हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. आधी तो फायलींच्या प्रती सोडतो, कारण त्या डिस्कवर आहेतच. ड्रायव्हरला पानं मिळाली की तो त्यांचे क्रमांक होस्टला कळवतो, आणि होस्ट ती खरी रॅम काढून दुसऱ्याला देतं.

काय टाकायचं हा निर्णय होस्ट घेत नाही, गेस्ट घेतो. होस्टनं स्वतः पानं स्वॅपमध्ये ढकलली असती तर ती आंधळेपणानं ढकलली असती. कदाचित नेमकं चालू ब्राउझरचंच पान गेलं असतं.

*

बलून कुठवर फुगवायचा? पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये मांडलेली वर्किंग सेटची कल्पना इथे थेट कामाला येते. प्रोग्रॅमच्या ताब्यात किती पानं आहेत हे महत्त्वाचं नाही. नजीकच्या काळात त्यानं किती पानांना खरोखर हात लावला, तेवढी रॅममध्ये हवीत. तेवढी असली तर सगळं सुरळीत. त्याखाली गेलं की पानं आत-बाहेर करण्यातच सगळा वेळ जातो, आणि हा उतार हळूहळू येत नाही, कडा तुटल्यासारखा येतो.

ही कडा शोधायची रीत: सगळ्यात जास्त टॅब उघडणाऱ्या मुलाचा डेस्कटॉप घ्यायचा. त्याचे `shares` शून्य करायचे, नाहीतर प्रॉक्समॉक्सचा आपोआप चालणारा बलून आपला आकडा फिरवून टाकतो. मग मॉनिटरमध्ये `balloon 3072`, `balloon 2816` असं २५६ एमबीनं खाली यायचं आणि दर पायरीला, मूल काम करत असताना, गेस्टमध्ये `vmstat 5` बघायचं. असं काहीसं दिसतं:

```
 r  b   swpd   free  buff  cache   si   so   bi   bo   in   cs us sy id wa st
 4  0      0 182340 20416 611208    0    0   12   48  910 2100 48  9  8  1 34
 2  5 418200  61200  1044  88312 3120 2870 9400 2960 1400 3900  7 11  0 78  4
```

पहिल्या ओळीत सीपीयूची रांग आहे: `st` ३४, पण `si` आणि `so` शून्य. मशीन हळू आहे पण निरोगी आहे. दुसऱ्या ओळीत `st` फक्त ४, म्हणजे सीपीयू मिळतोय. पण `cache` तळाला गेलाय, पानं सतत आत-बाहेर चाललीत आणि ७८ टक्के वेळ डिस्कची वाट बघण्यात जातोय. मुलाला दोन्ही वेळी “सर, हँग झालं” एवढंच दिसतं. पहिल्यावर इलाज दहा सेकंद थांबणं, दुसऱ्यावर बलून सैल करणं.

साध्या डेस्कटॉपची कडा दीड जीबीच्या जरा वर निघते. म्हणून किमान २ जीबी:

```
qm set 112 --memory 4096 --balloon 2048
```

व्हिडिओ आणि वीस टॅब एकदम चालवणाऱ्याला २ जीबी पुरत नाहीत, त्याला पावणेतीनपर्यंत लागतात. सगळेच एकदम तसे वागत नाहीत, पण दोन-चार जण रोज असतात.

फायलींच्या व्हीएमला बलून नको: `--balloon 0`. तिच्यातला डेटाबेस स्वतःची कॅशे हिशेबानं बांधतो. ती मधूनमधून काढून घेतली तर तो डिस्कवर धावतो आणि त्याच्यामागे सगळी लॅब धावते. जावावर चालणाऱ्या गोष्टींचंही तसंच. कचरा गोळा करताना जावा जवळजवळ सगळ्या हीपवरून हात फिरवते, त्यामुळे तिच्या हीपमधलं थंड पान असं काही नसतंच.

*

आता खरा जमाखर्च, सगळी मुलं हजर असताना.

डेस्कटॉप ३० गुणिले २.२, म्हणजे ६६ जीबी. फायली आणि गेटवे, १०. प्रत्येक व्हीएमसाठी होस्टवर क्यूईएमयू स्वतः थोडी मेमरी खातं. दीडशे एमबी धरली तर ३२ व्हीएमचे मिळून ५. होस्टचं स्वतःचं ३. झेडएफएसची कॅशे मी ४ वर बांधली आहे. ही बांधली नाही आणि प्रॉक्समॉक्स जुनं असेल, तर ती होस्टच्या निम्म्या रॅमपर्यंत जाऊ शकते आणि सगळा हिशेब पाण्यात. एकूण ८८.

९६ मध्ये ८८ बसतात. कागदावर जमलं.

पण जमलेलं नाही. प्रॉक्समॉक्सचा आपोआप बलून होस्टची मेमरी ८० टक्क्यांच्या आसपास ठेवू बघतो. ९६ चे ८० टक्के म्हणजे ७७. सगळे डेस्कटॉप किमान २ जीबीवर दाबले तरी ६० अधिक २२, म्हणजे ८२ होतात. म्हणजे बलून कधीच समाधानी होणार नाही. मुलं आली की तीसही व्हीएम तळाला दाबल्या जातील आणि सुट्टी होईपर्यंत तिथेच राहतील. नाव ४ जीबीचं, पण प्रत्यक्षात आपण २ जीबीचे तीस डेस्कटॉप बांधले. पावणेतीन मागणाऱ्या मुलाला द्यायला होस्टकडे बलून सैल करण्याइतकी जागाच नाही.

सगळ्या व्हीएमचा बलून दिवसभर तळाला असेल तर त्याला ओव्हरकमिट म्हणू नये. लवचीकपणा केव्हाच संपलेला असतो आणि आलेख मात्र शांत, सपाट दिसतो. बघणाऱ्याला वाटतं, छान स्थिर चाललंय.

*

बलून सावकाश चालतो. प्रॉक्समॉक्स दर दहा-एक सेकंदांनी हिशेब करतं आणि थोडं थोडं घेतं-देतं. गेस्टलाही पानं मोकळी करायला वेळ लागतो. तीस मुलांनी वीस सेकंदांत प्रत्येकी पाऊण जीबी जास्त मागितली तर ती बावीस जीबीची लाट आहे. लाटेला बलून पुरत नाही, तिच्यासाठी हातात कोरी रॅम लागते. बलून सकाळ ते दुपार असा हळू चढउतार सांभाळतो.

*

लाट सगळ्यात वाईट कधी येते? लाइट परत येते तेव्हा.

आमच्या भोकरदन तालुक्यात ही रोजच्या हिशेबात धरायची गोष्ट आहे. यूपीएस उतरला, सर्व्हर नीट बंद झाला, तासाभरानं लाइट आली. बत्तीस व्हीएमवर “आपोआप सुरू” अशी खूण आहे. बुट होताना प्रत्येक जण डिस्क आणि सीपीयू मागतो, आणि बलूनचा ड्रायव्हर गेस्टचं कर्नल उभं राहून लोड होईपर्यंत नसतोच. म्हणजे गर्दी सर्वांत जास्त असते तेव्हा आवरणारा हजर नसतो. डेस्कटॉप विंडोजचे असते तर आणखी अवघड: विंडोज मोकळी पानं शून्यानं भरून ठेवतं, आणि त्या भरण्यालाही होस्ट वापरच समजतं. चार जीबीची व्हीएम बुट होता होता चार जीबीची होते.

उपाय साधा आहे, क्रम आणि अंतर:

```
qm set 100 --startup order=1,up=90
qm set 112 --startup order=3,up=20
```

आधी फायली, मग दीड मिनिट थांबून बाकीचे, प्रत्येकात वीस सेकंदांचं अंतर. तीस गुणिले वीस, दहा मिनिटं, आणि आधीचं दीड. मास्तरांना सांगून ठेवायचं की लाइट आल्यावर पहिली बारा मिनिटं फळ्यावर शिकवा.

*

होस्टची मेमरी खरंच संपली तर लिनक्स एखादी प्रोसेस मारतं. निवडताना मुख्यतः कुणी जास्त रॅम धरलीय ते बघतं. या पेटीत सर्वांत जास्त रॅम धरणारी प्रोसेस कोणती? ८ जीबीची, बलून नसलेली, मुलांच्या फायलींची व्हीएम. ज्या व्हीएमला आपण सगळ्यात जास्त जपलं तिचाच नंबर पहिला लागतो. `journalctl -k` मध्ये `Out of memory: Killed process` आणि पुढे कंसात `kvm` दिसलं तर हेच घडलंय. एखादी व्हीएम “आपोआप बंद पडली” अशी तक्रार आली की आधी इथे बघावं.

त्या टोकाला जाण्याआधी कळावं म्हणून होस्टवर `/proc/pressure/memory` बघत राहायचं. त्यातल्या `some` ओळीचा `avg10` शून्याला चिकटलेला हवा. तो एक-दोन टक्क्यांवर रेंगाळायला लागला की रॅम कमी पडतेय, मग `free` काहीही म्हणो.

*

केएसएम: सगळे डेस्कटॉप एकाच साच्यातून काढलेत, त्यामुळे बरीच पानं हुबेहूब सारखी. केएसएम ती शोधून एकच प्रत ठेवतं. `/sys/kernel/mm/ksm/pages_sharing` मध्ये १५ लाख दिसले तर ४ केबीच्या पानांच्या हिशेबानं सुमारे ६ जीबी वाचली. पण ही बचत मी जमेत धरत नाही. साच्याचा अपडेट निम्म्या मशीनवर झाला की पानं वेगळी होतात, आणि वाचलेली मेमरी नेमकी गर्दीत परत द्यावी लागते. शिवाय एका व्हीएमनं दुसरीच्या पानांचा वेळेवरून अंदाज घेण्याचा धोका असतो. शाळेच्या लॅबमध्ये चालेल, अनोळखी गिऱ्हाइकांच्या मशीन एकत्र ठेवणाऱ्यानं बंद ठेवावं.

*

संस्थेकडे थोडे पैसे आहेत. पुरवठादार जास्त कोअरचे प्रोसेसर सुचवतोय. मी नको म्हटलं. कोअर वाढवून साडेचौदा सेकंदांचे दहा होतील. २ जीबीवर दाबलेला डेस्कटॉप तिथेच राहील.

त्याऐवजी १६ जीबीच्या आणखी दोन पट्ट्या, प्रत्येक सॉकेटला एक. एकूण १२८. आत्ता प्रत्येक सॉकेटच्या चारपैकी तीनच मेमरी चॅनेल भरलेत, तेही पूर्ण होतील. पट्ट्या घेताना आहेत त्याच जातीच्या आणि वेगाच्या, रजिस्टर्ड ईसीसी. साध्या डेस्कटॉपच्या पट्ट्या यात चालत नाहीत.

हिशेब पुन्हा: १२८ चे ८० टक्के १०२. त्यातून २२ वजा, उरले ८०, तीस मुलांत प्रत्येकी २.७ जीबी. म्हणजे सगळी हजर असताना साधा डेस्कटॉप २.२ मध्ये आरामात, बलून तळापासून वर, आणि लाटेसाठी वरचे २६ जीबी कोरे. पाच मुलं गैरहजर असली आणि त्यांच्या व्हीएम बंद राहिल्या तर प्रत्येकी ३.२. चार जीबी असं नाव दिलेल्या डेस्कटॉपला तेव्हा कुठे त्या नावाच्या जवळपास जाता येतं.

पस्तीस डेस्कटॉप होतील का, असंही विचारलंय. ८० भागिले ३५ केलं की २.३ येतात, शिवाय पाच क्यूईएमयूंचा खर्च वेगळा. होतील, पण ब्राउझर दर वर्षी जड होतो, आणि मग पुढच्या जूनमध्ये वर्ग २ जीबीच्या तळावर जाऊन बसेल. तीसच ठेवा असं लिहून दिलं आहे.